आराखड्यात शिक्षक शोधताना

‘राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ मधील शिक्षकाच्या भूमिकेचे विश्लेषण करा.’ बी.एड., एम.एड. किंवा एम.ए. शिक्षणशास्त्राला शैक्षणिक धोरणाच्या पेपरात हा स्वाध्याय वर्षानुवर्षं येतो आणि त्याचं उत्तरही वर्षानुवर्षं एकच येतं. शिक्षक आता ज्ञान देणारा राहिलेला नाही, तो सुलभक झाला आहे, मूल स्वतः ज्ञानाची रचना करतं. पुढे रचनावादाची व्याख्या, पियाजे आणि वायगॉट्स्की यांचा एकेक परिच्छेद, आणि शेवटी शिक्षकाने काळानुरूप बदललं पाहिजे अशी तंबी. असे गठ्ठे तपासणाऱ्याला पहिल्या पानावरच कळतं, की विद्यार्थ्याने आराखडा उघडलेला नाही. त्याने आराखड्याबद्दलचं गाइड उघडलंय.

सुलभक हे उत्तर चूक आहे असं नाही. तो शब्द आराखड्यात आहेच. पण प्रश्न विश्लेषणाचा आहे. सरकारी दस्तऐवजाचं विश्लेषण म्हणजे तो काय म्हणतो याचा सारांश नव्हे. तो शिक्षकाला कुठे बसवतो, कोणतं काम देतो, त्या कामासाठी कोणता अधिकार आणि किती वेळ देतो, आणि एका प्रकरणात दिलेलं दुसऱ्या प्रकरणात काढून तर घेत नाही ना, हे पाहणं म्हणजे विश्लेषण. हे काम घरातल्या कुठल्याही पालकालाही करता येईल. त्यासाठी पदवी लागत नाही, पेन्सिल घेऊन सावकाश वाचावं लागतं.

आधी हा दस्तऐवज आला कुठून, ते थोडक्यात. १९९३ मध्ये प्रा. यशपाल यांच्या समितीने ‘ओझ्याविना शिक्षण’ या आशयाचा अहवाल दिला होता. दप्तराच्या वजनाइतकंच न समजता पाठ करण्याचं ओझं मुलांना जड होतं, हा त्याचा गाभा. दहा-बारा वर्षांनी एनसीईआरटीने नवा आराखडा करायला घेतला तेव्हा सुकाणू समितीचे अध्यक्ष पुन्हा यशपालच होते आणि एनसीईआरटीचे संचालक होते कृष्ण कुमार. सोबतीला एकवीस अभ्यासगट नेमले गेले. त्यांनी गणित, भाषा, परीक्षा, शिक्षक-शिक्षण अशा विषयांवर स्वतंत्र निबंध लिहिले. मुख्य आराखडा मात्र आटोपशीर आहे, पाचच प्रकरणांचा. भूमिका, शिकणं आणि ज्ञान, अभ्यासविषय आणि मूल्यमापन, शाळा आणि वर्गाचं वातावरण, व्यवस्थेतल्या सुधारणा.

या पाचांत ‘शिक्षक’ नावाचं प्रकरण नाही. पहिली नोंद इथेच करावी. मुलाला दुसरं प्रकरण जवळजवळ अख्खं मिळालंय, शिक्षक मात्र तुकड्यातुकड्यांनी विखुरलेला आहे. थोडा दुसऱ्यात, थोडा चौथ्यात, थोडा पाचव्यात. आता पहिल्या प्रकरणातली प्रसिद्ध पाच मार्गदर्शक तत्त्वं घ्या. ज्ञान शाळेबाहेरच्या जगण्याशी जोडावं. शिकणं घोकंपट्टीपासून दूर न्यावं. अभ्यासक्रम पाठ्यपुस्तकापलीकडे जाऊन मुलाच्या सर्वांगीण विकासाचा व्हावा. परीक्षा अधिक लवचीक आणि वर्गाशी जोडलेल्या असाव्यात. लोकशाही राज्यव्यवस्थेच्या चौकटीत आस्था बाळगणारी ओळख जोपासावी. विद्यार्थी ही पाच तत्त्वं तोंडपाठ लिहितात, पण एक साधी गोष्ट निसटते. पाचांपैकी एकाही तत्त्वात शिक्षकाचं नाव नाही. जोडावं, न्यावं, व्हावं, जोपासावी. कोणी? कर्ता गायब आहे. अशा वाक्यांत काम सगळ्यांचं असतं, आणि वर्गाचं दार लावल्यावर ते एकाच माणसाच्या अंगावर पडतं.

आराखडा शिक्षकद्वेष्टा आहे, असा याचा अर्थ लावू नये. त्याने मूल मध्यभागी ठेवायचं ठरवलं आणि त्या नादात शिक्षक कडेला गेला, इतकंच एवढ्यावरून म्हणता येतं. पुढचं म्हणायला आणखी पुरावा हवा, आणि तो दुसऱ्या प्रकरणातल्या एका तक्त्यात आहे.

रचनावादी वर्ग कसा चालतो हे दाखवायला आराखड्याने तिथे दोन पाठांचं उदाहरण शेजारीशेजारी मांडलंय. एक पाठ विज्ञानाचा, सस्तन प्राण्यांवरचा. मुलं मजकूर वाचतात आणि वेगवेगळ्या अधिवासांतल्या सस्तन प्राण्यांची चित्रफीत पाहतात. दुसरा भाषेचा, रवींद्रनाथांच्या ‘काबुलीवाला’ कथेचा. इथे कथेसोबत चित्रं आहेत. मग दोन्ही पाठ पायरीपायरीने पुढे जातात. मुलं निरीक्षण करतात, पाहिलेलं वाचलेल्याशी जोडतात, गटात बोलतात, आपापला अर्थ लावतात, इतरांचे अर्थ ऐकतात, आणि शेवटी तोच अर्थ नव्या संदर्भात लावून पाहतात. तक्त्याच्या तळाशी शिक्षकाची भूमिका वेगळी दिलीय. तो सुलभक असतो, मुलांना विचार करायला, विश्लेषण करायला, अर्थ लावायला उद्युक्त करतो. गाइडांनी उचललेलं वाक्य हेच.

पण तक्ता वरून खाली वाचला तर मध्ये एक पायरी लागते, तिला बोधात्मक उमेदवारी म्हणता येईल. उमेदवारी म्हणजे कारागिराच्या हाताखाली शिकणं. या पायरीवर मुलं काही करत नाहीत, शिक्षक करतो. हाताशी असलेल्या सामग्रीतलं एक उदाहरण घेऊन तिचं विश्लेषण कसं करायचं, अर्थ कसा लावायचा, हे तो मुलांसमोर करून दाखवतो. गटकार्य त्याच्यानंतर येतं. मुलं एकमेकांशी बोलतात ती शिक्षकाने एकदा वाट चालून दाखवल्यावर.

ही पायरी लक्षात घेतली की ‘सुलभक’ या उत्तराचा अर्थ बदलतो. समजा, चौथीच्या वर्गात ‘काबुलीवाला’ शिकवायची आहे. कथेत रहमत आपल्या लेकीच्या हाताचा ठसा असलेला मळका कागद छातीशी बाळगतो. मुलांना नुसतं विचारलं, ‘या कागदाबद्दल तुम्हाला काय वाटतं?’ तर वर्ग गप्प बसेल, नाहीतर ‘त्याला वाईट वाटलं’ एवढंच येईल. शिक्षिकेने आधी दुसरं एखादं चित्र घेऊन मोठ्याने विचार करून दाखवला, की मिनीच्या घरात रहमत बसलाय तो कुठे, उंबऱ्यापाशी की आत, त्याची झोळी कुठे आहे, आणि यावरून त्या घरात त्याची जागा काय असावी असं मला वाटतं, तर मुलांना अर्थ लावण्याची रीत हाती लागते. मग कागदाचा अर्थ ती स्वतः लावतात. या कामाला विषयाचं ज्ञान लागतं, कथा स्वतः नीट वाचलेली असावी लागते आणि नेमकं कुठे थांबायचं तेही कळावं लागतं. म्हणजे सुलभक झालेला शिक्षक कमी करतो हा समज आराखड्याच्याच तक्त्यात टिकत नाही. उलट त्याचं काम आधीपेक्षा अवघड झालंय.

मग गैरसमज पसरला कुठून? काही अंशी आराखड्यातूनच. पाचव्या प्रकरणात शिक्षक-शिक्षणाच्या भागात दुसरा एक तक्ता आहे, कशाकडून कशाकडे जायचं सांगणारा. डाव्या बाजूला जुनं, उजव्या बाजूला नवं. शिक्षककेंद्री, ठरीव आखणीकडून विद्यार्थिकेंद्री, लवचीक प्रक्रियेकडे. शिक्षकाच्या दिशादर्शनाकडून आणि निर्णयांकडून विद्यार्थ्याच्या स्वायत्ततेकडे. शिक्षकाच्या मार्गदर्शनाकडून आणि देखरेखीकडून शिकण्याला साहाय्य आणि उत्तेजन देण्याकडे. प्रशिक्षणात दाखवायला हा तक्ता फार सोयीचा. एका स्लाइडमध्ये मावतो. मात्र त्याच्या मांडणीतच एक गृहीतक दडलंय, की शिक्षकाचा निर्णय आणि मुलाची स्वायत्तता एकमेकांच्या विरोधात आहेत, एकाचं वाढलं की दुसऱ्याचं घटणार. दुसऱ्या प्रकरणातला सस्तन प्राण्यांचा पाठ नेमका याच्या उलट सांगतो. तिथे शिक्षकाने विचारपूर्वक निर्णय घेतला म्हणूनच मुलांना स्वायत्तता मिळते.

स्वाध्याय लिहिणाऱ्याला मुद्दा मिळतो तो इथे. एकाच दस्तऐवजात शिक्षकाची दोन चित्रं आहेत आणि ती एकमेकांशी पुरती जुळत नाहीत. पहिलं चित्र कारागिराचं, दुसरं बाजूला सरकलेल्या मदतनिसाचं. दुसरं लोकप्रिय झालं, कारण ते सोपं होतं आणि कार्यशाळेत अर्ध्या तासात समजावता येत होतं. मला विचाराल तर खरा आराखडा पहिल्या चित्रात आहे. पण हे माझं मत झालं. कुणी दुसऱ्या चित्राच्या बाजूने पुरावे देऊन लिहिलं तर त्यालाही चांगले गुण द्यावेत.

आता चौथं प्रकरण. इथे शिक्षकाची स्वायत्तता आणि व्यावसायिक स्वातंत्र्य यांवर एक छोटा भाग आहे आणि बहुतेक स्वाध्यायांत तो सापडतच नाही. शिकणाऱ्याला जशी मोकळीक आणि आदर लागतो तसाच शिक्षकालाही लागतो, आणि प्रशासकीय उतरंड, परीक्षा व केंद्रीकृत नियोजन त्याची ही मोकळीक आवळतात, अशी कबुली आराखडा इथे देतो. सरकारी दस्तऐवजात ही कबुली दुर्मीळच म्हणायची. नंतर तो थेट वेळेचा हिशेब मांडतो. रोज किमान ४५ मिनिटं, दिवसाचा आढावा घ्यायला, उद्या कोणत्या मुलाकडे लक्ष द्यायचं ते टिपून ठेवायला, साहित्य जमवायला. आठवड्याला किमान दोन ते तीन तास पुढच्या आठवड्याची आखणी करायला. महिन्याला किंवा सत्राला किमान एक दिवस स्वतःच्या कामाकडे मागे वळून पाहायला.

धोरणातल्या शब्दांची परीक्षा घ्यायची तर अशा आकड्यांनी घ्यावी. सहा दिवसांच्या आठवड्यात रोजची ४५ मिनिटं म्हणजे साडेचार तास. त्यात आठवड्याचे दोन-तीन मिळवले की साडेसहा ते साडेसात तास होतात. आता शेजारी शिक्षण हक्क कायदा, २००९ ची अनुसूची ठेवा. पहिली ते पाचवीला वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन, म्हणजे दिवसाला चार तास. सहा दिवसांचे चोवीस. शिक्षकाने आठवड्याला किमान ४५ तास काम करावं, तयारीचा वेळ त्यातच धरून, असंही अनुसूची म्हणते. म्हणजे अध्यापन आणि आराखड्याने मागितलेली तयारी मिळून साडेतीस ते साडेएकतीस तास होतात आणि साडेतेरा ते साडेचौदा तास शिल्लक राहतात. कागदावर हिशेब जुळला, शिक्षकाकडे वेळ आहे.

तरीही स्टाफरूममध्ये हे सांगितलं तर लोक हसतील. का, ते त्याच अनुसूचीत दिसतं. पहिली ते पाचवीला साठपर्यंत पट असेल तर कायद्याने दोन शिक्षक पुरेसे आहेत. पाच इयत्ता, दोन माणसं. वाडीवस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळांचं हे नेहमीचं चित्र. तिथे मोकळा तास हा प्रकारच नसतो, कारण मुलं शाळेत आहेत तोवर दोन्ही शिक्षक दोन-तीन इयत्ता एकदम सांभाळत असतात. तयारीची ४५ मिनिटं उरतात ती मुलं घरी गेल्यावर, आणि त्याच वेळेवर पोषण आहाराची नोंदवही, यू-डायसची माहिती, शिष्यवृत्तीचे अर्ज आणि केंद्रप्रमुखांनी व्हॉट्सअॅपवर ‘आजच पाठवा’ म्हणून मागितलेला तक्ता यांचा आधी हक्क असतो. कायद्याच्या कलम २७ ने शिक्षकांना अशैक्षणिक कामं देऊ नयेत असं म्हटलंय, पण जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांचा अपवाद करून. मतदारयाद्यांचं काम त्या अपवादातून शाळेत शिरतं. शिवाय वर सांगितलेल्या नोंदी शाळेच्याच असल्यामुळे त्यांना अशैक्षणिक म्हणायचीही सोय नाही.

कायद्याचं कलम २४ सुद्धा इथेच वाचावं. शिक्षकाची कर्तव्यं त्यात आहेत. वेळेवर आणि नियमित हजर राहणं, ठरलेल्या मुदतीत संपूर्ण अभ्यासक्रम पुरा करणं, प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासून लागेल तशी जादा मदत करणं, पालकांशी नियमित बोलणं. हा शिक्षक आराखड्यातल्या शिक्षकापेक्षा वेगळा दिसतो. आराखडा त्याला मुलांच्या गतीने जायला सांगतो, कायदा मुदतीत पोर्शन संपवायला. दोन्ही चांगल्या हेतूने लिहिलेले आहेत. फरक वजनाचा आहे. कायद्याचं कर्तव्य चुकलं तर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते, आराखड्यातली ४५ मिनिटं मिळाली नाहीत तर कुणावरच होत नाही. शिक्षण १९७६ पासून समवर्ती सूचीत आहे, त्यामुळे राष्ट्रीय आराखडा राज्याला दिशा देतो, हुकूम देत नाही. विश्लेषणात ही उतरंड मांडली नाही तर आराखड्याने म्हटलं आणि शाळांनी केलं नाही, एवढाच ठपका उरतो आणि तो पुन्हा शिक्षकावरच जातो.

संचालक कृष्ण कुमार यांनी हा तिढा आराखड्याच्या कितीतरी आधी ओळखला होता. वसाहतकाळातल्या शिक्षणावरच्या त्यांच्या १९९१ च्या पुस्तकात भारतीय शिक्षकावर एक प्रकरण आहे. शिक्षकाला तिथे त्यांनी दीनवाणा हुकूमशहा म्हटलंय. मुलांसमोर त्याची सत्ता अमर्याद, आणि इन्स्पेक्टरसमोर तो गरीब गाय. त्यांची मांडणी साधारण अशी. इंग्रजी अमदानीआधी गावातला शिक्षक काय शिकवायचं आणि किती वेगाने शिकवायचं ते बऱ्याच अंशी स्वतः ठरवायचा. आपल्याकडचा पंतोजी आठवा. त्याची छडी वाईट होती, पण त्याचा अभ्यासक्रम मुंबईहून येत नव्हता. नव्या व्यवस्थेत तो तुटपुंज्या पगाराचा नोकर झाला, पुस्तक वरून आलं, परीक्षा वरून आली, आणि त्याच्या हाती राहिली ती फक्त मुलांवरची हुकमत. त्या पुस्तकाचं बोट धरून २००५ चा आराखडा वाचला तर तो अर्धवट वाटतो. हुकूमशाही सोडायला आराखडा शिक्षकाला सांगतो ते अनेक पानांत, ठासून. त्याचं दीनवाणेपण कसं जाईल हे सांगतो ते थोडक्यात, आणि तेही ज्यांनी अमलात आणायचं त्यांना न बांधता. कृष्ण कुमारांना हे ठाऊक नव्हतं असं म्हणवत नाही. चौथ्या प्रकरणातली ती कबुली त्याचीच खूण वाटते. अभ्यासक्रमाच्या दस्तऐवजातून प्रशासन बदलता येत नाही, ही त्यांची अडचण असावी.

महाराष्ट्रात पुढे काय झालं, हे या विश्लेषणातलं सगळ्यात बोलकं प्रकरण. राज्याने २०१० मध्ये स्वतःचा आराखडा केला, त्यावर २०१२ चा प्राथमिक अभ्यासक्रम आला आणि मग बालभारतीची नवी पुस्तकं. त्या पुस्तकांच्या प्रस्तावनेत ही नावं कुणीही वाचू शकतं. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने फरशीवर आकृत्या रंगवल्या, खडे-बिया-काड्यांसारख्या साहित्यातून मुलांना गणित आणि वाचन शिकवलं, आणि राज्यभरातले शिक्षक ते पाहायला गेले. तिथलं काम शिक्षकांनी करत करत, आपल्या मुलांकडे बघत घडवलेलं होतं. जून २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला, प्रत्येक मूल शिकलं पाहिजे आणि प्रत्येक शाळा प्रगत झाली पाहिजे असं ठरलं, आणि ज्ञानरचनावादी शाळांची संख्या हाच मोजण्याचा विषय होऊन बसला. अनेक शाळांच्या फरशीवर त्याच आकृत्या उमटल्या. शिक्षकाने स्वतः विचार करून घडवायची गोष्ट पाहणीच्या यादीतला एक रकाना झाली. आकृती रंगवली की रकाना भरतो, मग तिच्यावर मुलं बसोत किंवा चपलांचे ठसे उमटोत.

हेच मूल्यमापनात घडलं. ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, आकारिक आणि संकलित असे दोन भाग आले आणि प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी आल्या. कल्पना थेट २००५ च्या आराखड्यातली. शिक्षकाने मुलाला जवळून पाहावं आणि त्याचं शिकणं शब्दांत मांडावं. थोड्याच दिवसांत बाजारात तयार नोंदींच्या पुस्तिका मिळू लागल्या. विषयवार आणि श्रेणीवार तयार वाक्यं, फक्त उतरवून काढायची. ‘गणिती क्रिया अचूक करते.’ ‘वर्गकार्यात आवडीने सहभागी होतो.’ अशी नोंद कोणत्याही मुलाला चालते, म्हणून ती कोणाचीच नसते. तिच्याशेजारी ही दुसरी ठेवून पाहा: ‘वजाबाकीत दशक सुटा करते, पण दशकाच्या घरातला एक कमी करायला विसरते, काड्यांचे गठ्ठे दिले की विसरत नाही.’ ही नोंद लिहायला मुलीच्या वहीवर पाच मिनिटं थांबावं लागतं आणि उद्या काय करायचं तेही तिच्यातच सांगितलेलं असतं. चाळीस मुलं, आठ-नऊ विषय आणि दोन सत्रं यांनी ती पाच मिनिटं गुणून बघितली की पुस्तिका का खपतात ते समजतं. आळशीपणा हे त्याचं फार तर छोटं कारण.

आराखडा वर्गात खरा पोचला की नुसता कागदावर, हे ओळखायची चाचणी मला या नोंदवह्यांतच दिसते. दहा मुलांच्या नोंदी झाकून घ्याव्यात आणि त्यांच्या बाईंना किंवा गुरुजींना विचारावं, यातली कुठली कोणाची. ओळखता आल्या तर त्या वर्गात आराखड्यातला शिक्षक आहे, मग तो फळ्यासमोर उभा राहून शिकवत का असेना.

तुलनेसाठी पुढच्या दस्तऐवजांकडेही थोडक्यात पाहायला हवं. २००९ मध्ये शिक्षक-शिक्षणाचा वेगळा राष्ट्रीय आराखडा आला आणि त्याच्या उपशीर्षकातच व्यावसायिक आणि माणुसकी असलेला शिक्षक घडवण्याची भाषा होती, बी.एड. दोन वर्षांचं झालं ते पुढे २०१५ पासून. २०२० च्या धोरणानंतर कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखाली २०२२ मध्ये पायाभूत स्तराचा आणि ऑगस्ट २०२३ मध्ये शालेय शिक्षणाचा नवा आराखडा आला. हा सहाशे पानांच्या घरातला. त्यात उद्दिष्टं, क्षमता आणि अध्ययन निष्पत्ती अशी साखळी विषयवार, स्तरवार बांधलेली आहे. पायाभूत स्तराच्या आराखड्यात दिवसाच्या वेळापत्रकाचे नमुने आहेत, आणि आधी शिक्षकाने करून दाखवायचं, मग मुलांसोबत करायचं, मग मुलांनी स्वतः करायचं, अशी जबाबदारी हळूहळू सोपवण्याची पद्धतही उघड सांगितलेली आहे. २००५ च्या तक्त्यात मधल्या पायरीवर लपलेला कारागीर इथे समोर येतो, हे मला चांगलं वाटतं. नवख्या शिक्षकाला असा तपशील उपयोगीही पडतो.

पण तपशिलाला दुसरी धार असते. २००५ चा आराखडा मोघम होता म्हणून कुणाला काहीही रंगवता आलं. २०२३ चा नेमका आहे, म्हणून त्याची तपासणी-यादी करणंही सोपं आहे. प्रत्येक निष्पत्तीपुढे एक रकाना काढला की झालं. २०२० चं धोरण शिक्षकाला अध्यापनपद्धती निवडायची अधिक मोकळीक द्यावी म्हणतं आणि वर्षाला किमान ५० तासांचं व्यावसायिक प्रशिक्षणही मागतं. ते पन्नास तास शिक्षकाने स्वतः निवडायचे, की वरून आलेल्या लिंकवर क्लिक करून प्रमाणपत्र उतरवून घ्यायचे, यावर दीनवाणेपण जातं की राहतं हे ठरेल. दोन आराखड्यांची तुलना करणाऱ्याने कुठला पुरोगामी आणि कुठला नाही या वादात पानं घालवू नयेत. कोणता निर्णय शिक्षकाच्या हाती आहे, कोणता मुख्याध्यापकाच्या, कोणता राज्याच्या, असा साधा तक्ता करावा: पुस्तक, वेळापत्रक, पाठाचा क्रम, चाचणीची तारीख, नोंदीचा नमुना, स्वतःचं प्रशिक्षण. प्रत्येकापुढे दस्तऐवजातलं पान लिहावं. जिथे पान सापडत नाही तिथे तसं लिहावं.

एवढं करूनही एक मर्यादा उरते. दस्तऐवज वाचून दस्तऐवजच कळतो, वर्ग कळत नाही. म्हणून या स्वाध्यायाला बहुतेक ठिकाणी क्षेत्रकार्याची जोड देतात, आणि विद्यार्थी पाच शिक्षकांना प्रश्नावली देऊन येतात: तुम्ही सुलभकाची भूमिका पार पाडता का? पाचही जण ‘होय’वर खूण करतात. दुसरं काय करतील? त्याऐवजी शाळेत जाऊन, चहा झाल्यावर, काल मुलं घरी गेल्यापासून स्वतः घरी निघेपर्यंत काय काय केलंत, एवढंच विचारावं. सांगतील ते वेळेसकट क्रमाने उतरवून घ्यावं, त्यात आपल्याला हवं ते शोधू नये, आणि चौथ्या प्रकरणातल्या त्या ४५ मिनिटांच्या शेजारी ठेवावं. त्यातली किती मिनिटं मुलांच्या वह्यांवर गेली, किती मोबाइलवर माहिती भरण्यात आणि किती एसटीची वाट पाहण्यात, हे पाच शिक्षकांचं लिहून झालं की स्वाध्यायाचं शेवटचं प्रकरण जवळजवळ तयार असतं.